‘तुम्हाला ओझं वाटतं का?’ हे विचारणं थांबवा

‘काळजीवाहक म्हणून आपणांस कोणकोणत्या शारीरिक, मानसिक व आर्थिक ओझ्यास सामोरे जावे लागते?’

हा प्रश्न एकदा मोठ्यानं वाचा. आता कल्पना करा, समोर पन्नाशीतल्या एक काकू बसल्या आहेत. सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षं झालीत. सासूबाई दोन हातांवर पलंगावर बसून साडीच्या पदराच्या घड्या घालतायत आणि मोडतायत. नवरा दारात खुर्ची टाकून बसलाय. तुम्ही रेकॉर्डर चालू करता आणि कागदावरचा हा प्रश्न विचारता. काकू काय म्हणतील?

काकू म्हणतात, ‘ओझं कसलं हो. आपलंच माणूस आहे. करावंच लागतं.’

तुम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळता. अठरा-वीस मिनिटांत मुलाखत आटोपते. ऑफिसात कुणीतरी ट्रान्सक्रिप्ट वाचून या वाक्यासमोर ‘कर्तव्यभावना’ असा कोड लिहितं. अशा पंधरा मुलाखती झाल्या की अहवालात एक परिच्छेद येतो: भारतीय कुटुंबव्यवस्थेत वृद्धांची काळजी हे ओझं मानलं जात नाही, कौटुंबिक मूल्यं अजून भक्कम आहेत. मग तो परिच्छेद कुठल्याशा बैठकीत वाचला जातो. कुटुंबं सांभाळतायतच म्हटल्यावर तालुक्याला दिवसभराचं एखादं केंद्र, महिन्यातून चार दिवस घरी येणारी बदली बाई, यांची गरज काय, असं कुणाला वाटलं तर त्याला दोष तरी कसा द्यायचा?

माझं म्हणणं असं, की तो निष्कर्ष त्या बाईकडून आलेलाच नाही. तो तुमच्या प्रश्नातून आलाय. तिला तुम्ही विचारलंत, ‘तू चांगली सून आहेस का?’ ती म्हणाली, ‘हो.’ संशोधन म्हणून एवढंच घडलं.

मी गेली काही वर्षं आजारी माणसाचं घरी करणाऱ्यांच्या मुलाखती घेते. माझ्या हातात असे प्रश्नांचे कागद नेहमी येतात. त्यांना ‘इंटरव्ह्यू गाइड’ म्हणतात. त्यात सहा ते आठ मुख्य प्रश्न असतात आणि प्रत्येकाखाली ‘प्रोब’ असायला हवेत. प्रोब म्हणजे उत्तर आल्यावर त्यातलंच काहीतरी धरून विचारायचा पुढचा प्रश्न. बहुतेक कागदांत मुख्य प्रश्न चकाचक टाइप केलेले असतात आणि प्रोबच्या जागी कंसात तीन शब्द असतात: ‘आवश्यकतेनुसार अधिक विचारा’. माझं भांडण आहे ते या तीन शब्दांशी. जे खरं काम आहे, ते या तीन शब्दांत गुंडाळून टाकलेलं असतं.

‘काळजीवाहक’ नावाचं कुणी राहत नाही

सुरुवात प्रश्नांच्याही आधी होते. मुलाखत कुणाची घ्यायची, इथूनच.

घरी जाऊन विचारा, ‘इथं काळजीवाहक कोण?’ आधी शब्दच कळत नाही. समजावून सांगितलंत, की काळजी घेणारी मुख्य व्यक्ती कोण, तर मुलगा पुढे येतो. खोटं बोलत नसतो तो. डॉक्टरांशी तोच बोलतो, गोळ्यांचे पैसे तोच देतो, काळजीही त्यालाच वाटते. आपल्या भाषेत ‘काळजी’ मनात असते. ती वाटते, लागते, पोखरते. हातांनी जे होतं त्याला मराठीत वेगळाच शब्द आहे आणि तो इतका साधा आहे, की कुणाच्या लक्षातच येत नाही: करणं. ‘सासूचं कोण करतं?’ ‘आईचं सगळं मीच केलं शेवटपर्यंत.’ ‘बसून खाणाऱ्याचं करता येतं, हिंडणाऱ्याचं करणं अवघड.’ षष्ठी विभक्ती आणि करणं, एवढ्यात अंघोळ, घास, औषध, रात्रीचं उठणं, चादर बदलणं असं सगळं येतं.

म्हणून माझ्या कागदावर निवडीचा प्रश्न असा असतो: ‘आजींचं कोण करतं? काल अंघोळ कुणी घातली? रात्री उठलं कोण?’ हे विचारलं, की मुलगा मान वळवून आत हाक मारतो. ज्यांच्याशी बोलायचं असतं, त्या हात पुसत बाहेर येतात.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जेम्स स्प्रॅडली यांनी 1979च्या ‘द एथ्नोग्राफिक इंटरव्ह्यू’ या पुस्तकात नेमकी हीच शिस्त सांगितली आहे. लोकांच्या शब्दाचा अर्थ विचारू नका, तो शब्द ते कसा वापरतात हे विचारा. शिवाय प्रश्नही त्यांच्याच शब्दांत करा, नाहीतर ते तुमच्यासाठी भाषांतर करून उत्तर देतील. आपले अभ्यास या पुस्तकाचं नाव घेतात आणि ‘काळजीवाहक’ छापतात. बाई मग सरकारी मराठीत उत्तर देते, कारण तुम्ही सरकारी मराठीत विचारलेलं असतं.

‘ओझं’ कुठून आलं, हेही पाहण्यासारखं आहे. 1980 साली स्टीव्हन झरिट आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शिया झालेल्यांच्या नातेवाइकांसाठी एक मोजपट्टी तयार केली. आज तिची 22 प्रश्नांची आवृत्ती जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण जास्तीत जास्त 88. तिच्या नावात ‘इंटरव्ह्यू’ हा शब्द असला, तरी ती आहे मोजपट्टी. हजार लोकांना एकच प्रश्न विचारून आकडा काढायला ती बनवली आहे आणि त्या कामाला ती चांगलीच आहे. पण आपल्याकडे काय होतं? त्यातली विधानं उचलायची, पुढे ‘कसे’ किंवा ‘कोणकोणते’ लावायचं आणि झाला गुणात्मक अभ्यासाचा प्रश्न. तराजूच्या पारड्यात बसून कुणी आपली गोष्ट सांगत नाही.

‘साधारणपणे’ नको, ‘काल’ विचारा

मग पहिला प्रश्न कोणता? माझ्या कागदावर तो असा आहे:

‘काकू, काल सकाळी उठल्यापासून रात्री पडेपर्यंत आजींचं काय काय केलंत, ते सांगाल?’

यातला सगळा जोर ‘काल’वर आहे. ‘तुमचा दिवस साधारण कसा जातो?’ असं विचारलं, तर लोक नियम सांगतात: सकाळी चहा, मग अंघोळ, मग जेवण. सगळं व्यवस्थित. त्या ‘साधारण’ दिवसात आजी कधी ताट उधळत नाहीत आणि सून कधी ओरडत नाही. ‘काल’ म्हटलं, की नियम गळून पडतो आणि घडलेलं उरतं. काल मंगळवार होता, काल पाणी आलं नव्हतं, काल आजींनी दात न लावता जेवायचा हट्ट केला.

पण नुसता ‘काल’ पुरत नाही. नव्वद टक्के वेळा पहिलं उत्तर येतं, ‘काल काय, रोजचंच.’ इथं कागदाची परीक्षा होते. ‘आवश्यकतेनुसार अधिक विचारा’ असं लिहिलेला कागद या क्षणी गप्प बसतो. म्हणून या प्रश्नाखाली मी पुढचं सगळं लिहून ठेवते. काय ऐकू आलं, तर काय विचारायचं:

‘रोजचंच’ म्हणाल्या, तर: ‘काल पहिली जाग कशानं आली?’

वेळेत उडी मारली, सकाळवरून थेट संध्याकाळवर गेल्या, तर: ‘दुपारी त्यांचं जेवण झाल्यावर काय झालं?’

एखादी वस्तू बोलण्यात आली, कडी, दोरी, रबरी चादर, मोबाइल, तर: ‘ती घरात कधी आली?’

‘आम्ही करतो’ म्हणाल्या, तर: ‘त्यातलं तुमच्या वाट्याला काय येतं?’

रात्रीचा विषय आपणहून निघाला नाही, तर: ‘काल रात्री कितीदा उठावं लागलं?’

पाच ओळी झाल्या. सहाव्या ओळीवर मी मोठ्या अक्षरात लिहिते: हं. लहानपणी रात्री गोष्ट ऐकताना सांगणाऱ्याची अट असायची, हुंकार द्यायचा, नाहीतर गोष्ट थांबेल. तो हुंकार हा सगळ्यात छोटा प्रोब. त्याच्याहून छोटा एकच आहे, गप्प राहणं. मानसशास्त्रज्ञ स्टायनर क्वाले यांनी 1996च्या पुस्तकात मुलाखतीतल्या प्रश्नांचे प्रकार दिलेत, त्यांत शांततेलाही एक प्रकार मानलं आहे. तरुण मुलाखतकारांना हा सगळ्यात जड जातो. दोन सेकंद शांतता झाली, की त्यांना वाटतं आपण नापास झालो, आणि ते पुढचा प्रश्न टाकतात. पण बाई त्या दोन सेकंदांत ठरवत असते, सांगू की नको.

एक कडी

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते दाखवते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली मुलाखत आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. काकू सासूला आत्याबाई म्हणायच्या, म्हणून मीही तेच म्हणू लागले.

‘काल काय, रोजचंच.’

‘काल पहिली जाग कशानं आली?’

‘कडी वाजली.’

आता इथं ‘बरं, मग उठून काय केलंत?’ असंही विचारता आलं असतं आणि बाई चहापर्यंत पोचल्या असत्या. पण वस्तू बोलण्यात आली होती. कागदावरची तिसरी ओळ.

‘ही कडी कधी बसवली?’

‘दोन वर्षं झाली. बाहेरून आहे. आतून हलवतात त्या, मग वाजते.’

‘हं.’

‘म्हणजे मी दारातच झोपते. अंथरूण आडवं टाकते. कडी वाजली, की मी उठते.’

‘कडी लावायचं कसं ठरलं?’

इथं त्या थांबल्या. मीही थांबले. मग जे आलं, ते सलग आलं. आत्याबाई एकदा पहाटे चारला उठून माहेरी जायला निघाल्या होत्या, एसटी स्टँडपर्यंत पोचल्या. एका टपरीवाल्यानं ओळखलं म्हणून परत मिळाल्या. त्या दिवशी मुंबईच्या धाकट्या दिरांनी फोनवर सांगितलं, कडी लावा, दुसरा उपाय नाही. नवऱ्यानं बाजारातून कडी आणली. तिसऱ्या महिन्यात दिवाळीला तेच दीर घरी आले, दार पाहिलं आणि चारचौघांत म्हणाले, ‘वहिनी, आईला कोंडून ठेवता तुम्ही?’

‘मग?’

‘मग काय. मी बोलले नाही. तेव्हापासून पाहुणे यायचे असले, की कडी काढून ठेवते. तेवढे दिवस झोपतच नाही.’

एका वस्तूवर थांबल्यामुळे काय काय मिळालं बघा. निर्णय कुणी घेतला आणि ठपका कुणावर आला. कडी लावण्यानं सुरक्षितता आली आणि बदनामीही. पाहुणे म्हणजे मदत असं आपण धरून चालतो, इथं पाहुणे म्हणजे जागरण. ‘नातेवाइकांचा भावनिक आधार मिळतो का?’ या प्रश्नाला याच काकूंनी नक्की ‘हो, दीर फोन करतात’ असं सांगितलं असतं, आणि ते खरंही होतं. दीर दर रविवारी फोन करायचे.

लक्षात घ्या, एकदाही मी ‘तुम्हाला कसं वाटलं?’ विचारलेलं नाही. वाटणं विचारायचंच नाही, असा माझा हट्ट नाही. पण घडलेल्याच्या आधी वाटलेलं विचारलं, की माणूस शोभेल ते सांगतो. घडलेलं मांडून झालं, की वाटलेलं त्याच्यामागून येतं, बहुतेक वेळा न विचारता.

‘का’ आणि ‘ना’

याच ठिकाणी दुसरा कुणी विचारता झाला असता, ‘कडी का लावता?’ पाठ्यपुस्तकातला प्रोब आहे तो, ‘का?’ पण मराठीत समोरासमोर विचारलेला ‘का’ हा बऱ्याचदा जाब असतो. शाळेत उशीर का झाला, भाजी खारट का झाली. ज्या बाईला दिरानं चारचौघांत तेच विचारलंय, तिला तुम्हीही तेच विचारता. ती लगेच बचावाला उभी राहते आणि पुढची दहा मिनिटं तुम्हाला सफाई ऐकायला मिळते. ‘ते कसं ठरलं?’, ‘तशी वेळ पहिल्यांदा कधी आली?’, ‘त्याआधी काय करून पाहिलं होतं?’ या तीन प्रश्नांतून ‘का’चं उत्तर मिळतं आणि कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागत नाही.

दुसरं अक्षर त्याहून फसवं आहे, कारण ते मायेनं येतं. ‘खूप त्रास होत असेल ना?’ हा ‘ना’ आला, की उत्तर ठरून गेलं. ‘हो ना.’ ट्रान्सक्रिप्ट तपासताना मी सगळ्यात आधी मुलाखतकाराच्या वाक्याच्या शेवटचे ‘ना’ शोधते. जिथं ते सापडतात, तिथल्या उत्तरातलं दुःख बाईचं आहे की मुलाखतकाराचं, हे सांगता येत नाही. माया दाखवायला हरकत नाही. पाण्याचा ग्लास पुढे करा, रेकॉर्डर बंद करायचा का विचारा. प्रश्नाला मात्र ती चिकटवू नका.

खोलीत आणखी कोण आहे?

सुरुवातीच्या दृश्यातला दारात बसलेला नवरा आठवतो? गाइड लिहिणाऱ्यांना तो दिसत नाही. त्यांच्या कल्पनेत मुलाखत एका शांत खोलीत, दोन खुर्च्यांवर होते. आपल्या घरांत तशी खोली नसते आणि असली, तर दार लावून बसणं हाच चर्चेचा विषय होतो. गुणात्मक अभ्यास कसे मांडावेत यासाठी 2007 साली आलेली ‘कोरेक’ ही 32 मुद्द्यांची यादी आहे. तिच्यात पंधरावा मुद्दाच हा आहे, की मुलाखतीच्या वेळी आणखी कुणी हजर होतं का. अहवालात तिथं ‘होय’ लिहून लोक मोकळे होतात. त्या ‘होय’चा कागदावर परिणाम काय झाला, हे कुणी सांगत नाही.

माझ्या गाइडच्या मधोमध एक आडवी रेघ असते. रेघेच्या वर ‘काल’चा दिवस, आजार पहिल्यांदा कसा लक्षात आला, दवाखान्याच्या फेऱ्या. हे कुणासमोरही विचारता येतं, उलट नवरा मधे बोलला तर चांगलंच, दोघांच्या आठवणीतला फरक कळतो. रेघेच्या खाली पैसे, भांडणं, स्वतःचं दुखणं आणि हात उचलला जाण्याचे प्रसंग. हे एकटीशीच. एकटी भेटली नाही, तर रेघ ओलांडायची नाही, दुसऱ्या दिवशी परत जायचं. नळावर, शेतात, अंगणात भाजी निवडताना, जिथं ती एकटी असेल तिथं.

रेघेपाशी थांबायची वेळ आली, हे कळतं कसं? ‘मी’ जाऊन ‘आम्ही’ येतं. आवाज खाली जातो. वाक्य सुरू होतं आणि दाराकडे पाहून संपतं. किंवा नवरा तिचं उत्तर दुरुस्त करतो, ‘तसं नाही मॅडम, तिला म्हणायचंय...’ हे चारही मी कागदाच्या समासात लिहून ठेवते.

पैशाचंही तसंच. ‘महिन्याला किती खर्च येतो?’ याला एक गोल आकडा मिळतो, बहुतेक नवऱ्याचा. रेघेखाली माझा प्रश्न असतो, ‘शेवटची गोळ्यांची पट्टी आणली, तेव्हा पैसे कुठून आले?’ मग डब्यातले, बचत गटाचे, माहेरून आलेले, लेकीनं मोबाइलवर पाठवलेले असे पैसे बाहेर येतात. कुटुंबाच्या हिशोबात ते नसतातच.

जिथं थांबायचं असतं

रेघेखालचा सगळ्यात अवघड विषय रागाचा. डिमेन्शियाच्या माणसाला चिडून ढकललं जातं, घास कोंबला जातो, चिमटा काढला जातो. करणाऱ्याला ते माहीत असतं आणि त्याची शरम पोटात असते. सरळ विचारलंत, तर ‘छे छे’ येतं. क्वाले ज्याला अप्रत्यक्ष प्रश्न म्हणतात, तो इथं चालतो: ‘असं करणाऱ्या दुसऱ्या बायका सांगतात, की कधीकधी हाताबाहेर जातं. तुमच्या ओळखीत कुणी असं बोललंय?’ पण यात एक अट आहे. उत्तर शेजारणीचं आलं, तर ते शेजारणीचंच धरायचं. ‘ती स्वतःबद्दलच बोलत होती’ हा तुमचा अंदाज झाला. तिनं आपणहून ‘माझंही एकदा...’ म्हटलं तरच ते तिचं.

आणि हा प्रोब लिहिण्याआधी त्याच्याखालची ओळ लिहून झालेली पाहिजे: रडू आलं, तर काय करायचं, कुणाचा नंबर द्यायचा, तो माणूस फोन उचलतो का. आजीला धोका आहे असं दिसलं, तर आपण काय करणार आणि ते संमती घेताना आधी सांगितलंय का. आयसीएमआरच्या 2017च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांत मानसिक त्रासालाही जोखीम मानलं आहे. पाठवायला जागा नसेल, तर तो प्रोब कापून टाका. मुलाखत समृद्ध व्हावी म्हणून कुणाची जखम उघडी टाकून एसटी पकडायचा अधिकार आपल्याला नाही. म्हणूनच माझा शेवटचा प्रश्न नेहमी जमिनीवर आणणारा असतो, ‘आता संध्याकाळचं काय काय राहिलंय?’

‘पण तुलना कशी होणार?’

माझ्या म्हणण्यावर नेहमी तीन आक्षेप येतात.

पहिला, प्रोब लिहून ठेवले, की मुलाखत यांत्रिक होते, अनुभवी माणसाला जागेवर सुचतं. सुचतं, मान्य. पण मुलाखती अनुभवी माणूस घेत नाही. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी घेते, महिना ठरावीक मानधनावर, दिवसाला तीन. अनुभवी माणूस ऑफिसात बसून ‘माहिती उथळ आहे’ असा शेरा मारतो. ज्याला सुचतं त्यानं ते लिहून तिच्या हातात द्यावं, एवढीच मागणी आहे. शिवाय लिहिलेले सगळे प्रोब विचारायचे नसतातच. ‘हे ऐकू आलं, तर’ अशी अट प्रत्येकावर आहे.

दुसरा, सगळ्यांना तेच शब्द विचारले नाहीत, तर तुलना कशी करणार? ही मोजपट्टीची भीती इथं आणू नका. पंधरा मुलाखतींवरून किती टक्के बायका दारात झोपतात, हे मी सांगू शकत नाही, सांगूही नये. दारात झोपण्यापर्यंत गोष्टी कशा पोचतात, ते सांगू शकते. किती, हे विचारायचं असेल, तर झरिटची मोजपट्टी आहेच. पण निदान कडीचा प्रश्न सर्व्हेत घालायला हवा, हे कळायला कुणीतरी आधी कडीपाशी थांबायला लागतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर चेहऱ्यानं येतो: आमच्या गाइडचं उलट भाषांतर करून तपासलंय. म्हणजे इंग्रजीवरून मराठी, मग दुसऱ्या माणसाकडून मराठीवरून पुन्हा इंग्रजी, आणि दोन्ही इंग्रजी जुळल्या. जुळणारच. ‘ओझं’चं इंग्रजी दुसरं काय होणार? ही तपासणी दोन भाषांतरकारांचं एकमत सिद्ध करते. काकूंच्या घरात तो प्रश्न उघडतो की मिटतो, हे तिच्यातून कळत नाही.

ते कळायला दुसरा रस्ता आहे आणि तो स्वस्त आहे. गाइड लिहून झालं, की तीन मुलाखती घ्या, त्या अक्षरशः उतरवा आणि प्रत्येक मुख्य प्रश्नाला तीन गोष्टी तपासा. उत्तर प्रश्नापेक्षा लांब आहे का? उत्तरात एखादा माणूस, एखादी वेळ किंवा एखादी वस्तू आहे का? आणि तिन्ही घरांतून जवळपास एकच वाक्य आलंय का? पहिल्या दोन्हींना ‘नाही’ असेल, तर प्रोब बदला. तिसऱ्याला ‘हो’ असेल, तर प्रश्न फेकून द्या, तो सुविचार गोळा करतोय. आणि त्या तीन मुलाखतींत बायकांनी वापरलेले शब्द गाइडमध्ये परत घाला. ‘हिंडणं’, ‘उठबस’, ‘अडकून पडणं’. एका काकूंनी मला ‘माझं बाहेर बंद झालं’ असं सांगितलं. तो शब्द मी पुढच्या घरी विचारला, ‘तुमचं बाहेर कधीपासून बंद झालं?’ तर त्यांनी भाचीच्या लग्नाची तारीखच सांगितली, जिथं त्या जाऊ शकल्या नव्हत्या.

यासाठी दोन आठवडे जास्त लागतात. प्रकल्पाच्या वेळापत्रकात ते नसतात, कारण नैतिक समितीनं गाइड मंजूर केलेलं असतं आणि बदल म्हणजे पुन्हा अर्ज. मग पहिल्याच अर्जात लिहा, की तीन मुलाखतींनंतर शब्द बदलतील आणि बदललेली प्रत पाठवू. हे लिहायला अर्धं पान लागतं. ते लिहिलं जात नाही, कारण बहुतेकांच्या मते प्रश्नांचा कागद म्हणजे फाइलला लावायचं एक परिशिष्ट.

तुमच्यापैकी कुणी एमएसडब्ल्यू करत असेल, कुणी संस्थेत नवीन लागलं असेल, तर पुढच्या महिन्यात तुमच्या हातात असा कागद येईल. वरचं शीर्षक ‘काळजीवाहकांसाठी मुलाखत मार्गदर्शिका’ असेल आणि खाली ते तीन शब्द असतील. विचारा, प्रोब कुठे आहेत? ‘रोजचंच’ म्हणाल्या, तर मी काय विचारू? नवरा बसलेला असेल, तर कुठपर्यंत जाऊ? त्या रडल्या, तर कुणाला फोन करू? याची उत्तरं कागदावर मिळेपर्यंत कुणाच्या घरी जाऊ नका. दारात अंथरूण टाकून झोपणाऱ्या बाईनं तुमच्यासाठी तासभर काढलेला असतो, आणि तेवढा वेळ आजींकडे दुसरं कुणी बघत नसतं.